शब्द बदलणं आणि ओळ नव्याने बांधणं : जुनं गाणं सुधारण्याच्या दोन वेगळ्या रीती

जुन्या गाण्यात एखादा अपमानकारक शब्द असला की दोन गोष्टी करता येतात. तो शब्द काढून त्याच मापाचा दुसरा शब्द बसवायचा, किंवा चाल आणि यमक ठेवून ती ओळच नव्याने बांधायची. दोन्हींना आपण सरसकट ‘शब्द बदलले’ म्हणतो, म्हणून त्या एकच वाटतात. पण कोणत्या गाण्याला कोणती लागू पडते हे न पाहता काम केलं, तर शब्द जातो आणि अपमान तिथेच राहतो.

भोंडल्याचं एक गाणं घेऊ. काही ठिकाणी ते हादग्याचं म्हणून म्हटलं जातं आणि त्याचे पाठ गावोगावी थोडे वेगळे आहेत. सर्वांत जास्त ऐकू येणारा पाठ असा :

श्रीकांता कमलाकांता अस्सं कसं झालं
अस्सं कसं वेडं माझ्या नशिबी आलं

वेड्याच्या बायकोने केले होते लाडू
तिकडून आला वेडा त्याने डोकावून पाहिले
चेंडू चेंडू म्हणून त्याने खेळायला घेतले

पुढे करंज्या होतात, त्यांना होड्या समजून तो पाण्यात सोडतो. असे एकेक पदार्थ येत जातात आणि अनेक पाठांत शेवट असा होतो, की बायको झोपलेली असते आणि ‘मेली मेली’ म्हणून तो तिला जाळून टाकतो. पाटावरच्या हत्तीभोवती आठ-दहा वर्षांच्या मुली फेर धरून हे म्हणतात. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी मतिमंद भाऊ असतो, कुणाची आत्या मानसिक आजाराची औषधं घेत असते. त्या मुलीने फेरात हसून ‘वेड्याच्या बायकोने’ म्हणावं, अशी अपेक्षा मला आता करवत नाही.

आधी सोपी रीत करून पाहू. ‘वेडा’च्या जागी ‘भोळा’. दोन्ही शब्दांत दोन-दोन अक्षरं आणि दोन्ही अक्षरं दीर्घ. ‘वेड्याच्या’चं ‘भोळ्याच्या’ होतं, ‘वेडं’चं ‘भोळं’ होतं. टाळी जिथे पडत होती तिथेच पडते, यमकाला धक्का लागत नाही, पाठ असलेल्या बाईची जीभही अडखळत नाही. कारागिरी म्हणून हा बदल निर्दोष आहे.

आता बदललेली ओळ चालीशिवाय, बोलल्यासारखी म्हणून पाहा : ‘अस्सं कसं भोळं माझ्या नशिबी आलं.’ नवऱ्याला नपुसकलिंगी ‘भोळं’ म्हणणं, ते ‘नशिबी आलं’ म्हणून कपाळावर हात मारणं, आणि पुढे प्रत्येक कडव्यात त्याच्या न समजण्यावर हसणं, हे सगळं जसंच्या तसं आहे. अपमान त्या एका शब्दात नव्हताच. कोण कुणाला हसतंय यात तो होता. शेवटच्या कडव्यात तर ‘भोळा’ माणूस बायकोला जाळतो, आणि तिथे हा शब्द आधीच्या शब्दापेक्षाही वाईट दिसतो.

शब्द बदलून भागतं ते वेगळ्या प्रकारच्या गाण्यात. कॅनडाच्या इंग्रजी राष्ट्रगीतात ‘इन ऑल दाय सन्स कमांड’ अशी ओळ होती, म्हणजे देशप्रेमाची हाक फक्त पुत्रांना. 2018 मध्ये ती कायद्याने ‘इन ऑल ऑफ अस कमांड’ झाली. दोन अक्षरं गेली, दोन आली. यमकाचा ‘कमांड’ ओळीच्या टोकाला होता, त्याला कुणी हातही लावला नाही. बाकीच्या गाण्यात मुलींना वगळणारं काही नव्हतं, म्हणून एवढ्याने काम झालं.

याउलट अमेरिकेतल्या केंटकी राज्याचं गीत पाहा. स्टीफन फॉस्टरचं हे गाणं 1853 सालचं. त्याच्या पहिल्या कडव्यात गुलाम कृष्णवर्णीयांसाठी ‘डार्कीज’ हा हिणवणारा शब्द होता. 1986 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तिथे ‘पीपल’ घातला. तोही दोन अक्षरांचा आणि पहिल्या अक्षरावर जोर असलेला, म्हणून चालीत चपखल बसला. शिवी गेली हे चांगलंच झालं. पण हे गाणं मालकाच्या घरापासून तुटून दक्षिणेत विकल्या गेलेल्या गुलामाबद्दल आहे, आणि ‘लोक आनंदात आहेत’ म्हटल्यावर कोणते लोक हे ऐकणाऱ्याला कळेनासं होतं. शब्दबदलाचा हा दुसरा तोटा : अपमानाबरोबर अपमानित माणूसही ओळीतून नाहीसा होऊ शकतो.

भोंडल्याच्या गाण्याला दुसरी रीत लागते. त्यासाठी आधी ओळीचं माप नीट कळायला हवं, आणि इथे बरेच जण चुकतात. ते मात्रा मोजतात. फेराच्या गाण्यात मात्रा ओळीगणिक कमी-जास्त असतात, कारण गाणारी अक्षरं लांबवते किंवा घाईने उरकते. पक्क्या असतात त्या टाळ्या. ‘अस्सं कसं | वेडं माझ्या | नशिबी | आलं’ अशा चार टाळ्या. ‘वेडं माझ्या’ चार दीर्घ अक्षरांचं आणि ‘नशिबी’ त्याच्या निम्म्या मात्रांचं, तरी दोघांना एकेकच टाळी मिळते. म्हणून नव्या ओळीत पाहायचं ते एवढंच, की टाळी पडते त्या जागी वजनदार अक्षर किंवा ‘नशि’सारखी दोन ऱ्हस्व अक्षरांची जोडी आहे का.

दुसरं बंधन यमकाचं. ‘झालं’ला ‘आलं’ हवं, आणि ‘आलं’ म्हटलं की कर्ता नपुसकलिंगी हवा. ‘नवरा’, ‘पती’, ‘दादला’ यांपैकी काहीही घातलं तर ‘आला’ करावं लागतं आणि यमक तुटतं. जुन्या गाण्याने ही अडचण माणसाला ‘वेडं’ म्हणून सोडवली होती. म्हणजे आपल्याला असा शब्द हवा, जो व्याकरणानेच नपुसकलिंगी आहे आणि ज्यात तुच्छता नाही. ‘बाळ’ तसा आहे. शिवाय लाडवाला चेंडू समजणं आणि करंजीची होडी करणं हे बाळाचंच काम. गाण्यातली खरी गंमत, म्हणजे पदार्थाचं खेळण्यात होणारं रूपांतर, शाबूत राहते आणि हसण्याचा रोख बदलतो.

धृवपदासाठी पहिला मसुदा बहुतेकांना असा सुचेल : ‘अस्सं कसं खट्याळ बाळ माझ्या घरी आलं.’ कागदावर छान दिसतो. म्हणून पाहिलं की टाळी ‘खट्याळ’च्या ऱ्हस्व ‘ख’वर पडते, आणि ठेका सांभाळायला गाणारी ‘खाट्याळ’ म्हणू लागते. पाच-सहा जणींच्या घोळक्यात कुणी ‘ख’ लांबवते, कुणी नाही, आणि ओळ विस्कटते. बसत नसलेली ओळ ओळखायची खूण हीच : एकटीला ती म्हणता येते, फेरात मात्र सगळ्यांची एकत्र येत नाही. ‘द्वाड’ घातलं की हा प्रश्न मिटतो, कारण टाळी दीर्घ अक्षरावर येते :

अस्सं कसं द्वाड बाळ माझ्या घरी आलं

कडवं असं होतं :

बाळाच्या आईने केले होते लाडू
तिकडून आलं बाळ त्याने डोकावून पाहिले
चेंडू चेंडू म्हणून त्याने खेळायला घेतले

तिसऱ्या ओळीला हात लावावाच लागला नाही. ‘पाहिले’ आणि ‘घेतले’ ही क्रियापदं लाडवांप्रमाणे चालतात, पाहणाऱ्याप्रमाणे नाही. म्हणून करंज्यांच्या कडव्यात ती आपोआप ‘पाहिल्या’, ‘सोडल्या’ होतात, आणि पाहणारा वेडा असो की बाळ, यमक तसंच राहतं. फक्त ‘आला’चं ‘आलं’ करायला विसरायचं नाही, कारण ते क्रियापद येणाऱ्यावर अवलंबून आहे. जुनी सवय असलेल्या बायका नेमक्या इथे चुकतात.

यमकामुळे काय करता येतं आणि काय नाही, याचं ऑस्ट्रियाचं राष्ट्रगीत फार बोलकं उदाहरण आहे. त्यात ‘थोर पुत्रांची मायभूमी’ अशा अर्थाची ओळ होती. 1 जानेवारी 2012 पासून ती ‘थोर कन्या आणि पुत्रांची’ झाली. कन्यांसाठीचा ‘ट्योश्टर’ ओळीच्या शेवटी नेता आला नाही, कारण शेवटच्या ‘झ्योन’ला, म्हणजे पुत्रांना, पुढच्या ओळीतल्या ‘श्योन’शी यमक जुळवायचं होतं. मग मधले दोन शब्द काढून कन्या मध्ये बसवल्या. आठ अक्षरांची ओळ नऊ अक्षरांची झाली आणि एका ठिकाणी दोन अक्षरं एका स्वराच्या वेळात कोंबावी लागली. ओळ नव्याने बांधायची तर कधीकधी असा व्यवहार करावा लागतो. मला तो रास्त वाटतो.

आपल्या गाण्याचं शेवटचं कडवं शब्दबदलाने सुटणारच नव्हतं. ते गाळणं हा एक मार्ग, पण मग गाण्याला शेवट उरत नाही. बांधायचं तर असं बांधता येतं :

बाळाची आई निजली होती
तिकडून आलं बाळ त्याने डोकावून पाहिले
दमली दमली म्हणून त्याने पांघरूण घातले

‘मेली मेली’च्या जागी ‘दमली दमली’ सहज बसतं, कारण बोलताना ‘दम-ली’ही दोनच तुकड्यांत येतं आणि टाळी ‘दम’च्या जोडीवर भक्कम पडते. ‘पाहिले’ला ‘घातले’ मिळतं.

या बांधणीत एक गोष्ट हरवते, आणि ती लहान नाही. ‘असं माझ्या नशिबी आलं’ ही लहान वयात न विचारता लग्न लावून दिलेल्या मुलीची तक्रार आहे. सासरी बोलता न येणारं ती फेरात म्हणत होती. नव्या गाण्यात ती मुलगी नाही. तिची बाजू ठेवायची असेल तर बाळाऐवजी आळशी किंवा तऱ्हेवाईक नवरा आणता येईल, पण मग ‘आलं’चं यमक जाईल आणि धृवपदच नवं लिहावं लागेल. तेवढं बदलल्यावर त्याला जुनं गाणं म्हणता येणार नाही.

म्हणून मी दोन जागा वेगळ्या ठेवीन. लोकगीतांच्या संग्रहात जुना पाठ एक अक्षरही न बदलता, तो कुठे आणि कुणाकडून मिळाला याच्या नोंदीसह छापला पाहिजे. तिथे ‘वेडा’चा ‘भोळा’ करणं म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड करणं. फेरात मुलींच्या हाती द्यायच्या कागदावर मात्र नवं गाणं असावं आणि वर स्पष्ट लिहिलेलं असावं, की जुन्या चालीवर शब्द बदलून बांधलं आहे. कागद वाटण्याआधी चार-पाच जणींनी टाळ्या वाजवून एकदा फेर धरावा, आणि ‘तिकडून आलं’ला किती जणी ‘आला’ म्हणतात ते ऐकावं.