तव्यावरचे मोमो: तळ कुरकुरीत आणि वरची पारी शिजलेली

आमच्या गृहउद्योगाकडून गोठवलेले भाजीचे मोमो नेणाऱ्या ग्राहकांकडून एक तक्रार वारंवार येते, की खालची बाजू करपते आणि वरच्या चुण्या मात्र पांढऱ्या, कच्च्या राहतात. पत्ताकोबी, गाजर आणि सांबाराचे सारण आम्ही आधीच परतून भरतो; कच्ची राहते ती मैद्याची पारी, आणि याचे कारण बहुतेक वेळा पाण्याचे माप व आच यांतच असते.

तव्यात पाणी आहे तोवर तळाचे तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे त्या काळात तळ भाजला जात नाही, झाकणाखालच्या वाफेने वरची पारी शिजते. पाणी आटल्यावरच तेल पुन्हा तापते आणि तळाला कुरकुरीतपणा येतो. म्हणून ही दोन कामे एकामागून एकच होतात.

साधारण 24 सेंटीमीटरच्या सपाट पॅनमध्ये 10 मोमोंसाठी 2 मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापवावे आणि मोमो फ्रीजरमधून काढून थेट ठेवावेत. ते वितळू देऊ नयेत, कारण ओली झालेली पारी तव्याला धरते व उचलताना फाटते. 2 मिनिटांत तळ फिकट सोनेरी झाला, की 75 मिली पाणी कडेने ओतावे (सिरपच्या 15 मिलीच्या टोपणाने 5 वेळा मोजून ते आधीच पेल्यात काढून ठेवावे) आणि लगेच झाकण लावावे. तेल जोरात उडते, त्यामुळे झाकण दुसऱ्या हातात तयार असावे. आच मंद ते मध्यम ठेवून 7 मिनिटे झाकण उघडू नये.

या वेळात आवाजाकडे लक्ष द्यावे. आधी खदखद ऐकू येते. पाणी संपत आले की तिची जागा तेलाची तडतड घेते. तेव्हा झाकण बाजूला तिरके करून काढावे, म्हणजे त्यावरचे थेंब मोमोंवर पडणार नाहीत, आणि उघड्यावर आणखी 2 मिनिटे भाजावे. तळ पुरेसा भाजला की मोमो आपोआप सुटतो. सुटत नसेल तर ओढू नये, अर्धा मिनिट थांबावे.

एका ग्राहक ताईंनी हेच माप घेतले होते, पण आच मोठी ठेवल्याने पाणी 3 मिनिटांतच आटले. अशा वेळी चुण्यांवर कोरडे पांढरे पीठ दिसले, तर 2 मोठे चमचे गरम पाणी कडेने घालून 2 मिनिटे पुन्हा झाकावे. याउलट 7 मिनिटांनंतरही पाणी उरले असेल, तर झाकण काढून ते आटू द्यावे. झाकून ठेवल्यास तळ लिबलिबीत होतो.

पोळीचा खोलगट तवा मात्र यासाठी वापरू नये, कारण त्यात पाणी मध्यभागी साचते आणि कडेचे मोमो आधी करपतात.