कोरा झोन आणि वापरलेला झोन: चार्टवर चौकोन एकच, भाव दोन

आर्वी-पुलगाव भागात मोबाईलवर शेअरचे चार्ट पाहणारी बरीच तरुण मंडळी आहेत. सोयाबीनचा वायदा सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवला, तेव्हापासून आपल्या पिकाचा वायद्याचा चार्ट उरला नाही आणि लक्ष शेअरकडेच गेलं. त्यांच्याकडून मला वारंवार येणारा प्रश्न असा असतो: "भाऊ, या डब्ब्यातून भाव दोनदा वर गेला, आता तं हा झोन पक्का झाला नं?"

उत्तर उलटं आहे. दोनदा वर गेला म्हणूनच तो आता कच्चा झाला. डिमांड झोन म्हणजे जिथून खरेदीच्या जोरावर भाव वर निघाला ती जागा, चार्टवर चौकोनाने दाखवलेली. तो शिकताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण कोरा झोन, म्हणजे भाव जिथे अजून परतला नाही तो, आणि वापरलेला झोन, म्हणजे भाव जिथे परत येऊन गेला तो, चार्टवर अगदी सारखे दिसतात. चौकोन तोच, रेषा त्याच. फरक चौकोनात नसतो, त्याच्या उजवीकडे काय घडलं त्यात असतो.

आधी चौकोन कसा काढायचा ते पाहू. भाव खाली येतो, एक ते पाच-सहा लहान कँडलमध्ये जागच्या जागी घुटमळतो आणि मग मोठ्या, भरलेल्या कँडलने झपाट्याने वर निघून जातो. घुटमळण्याच्या जागेला बेस म्हणतात. बेसमधल्या कँडलच्या बॉडीचं, म्हणजे उघडलेल्या आणि बंद भावामधल्या जाड भागाचं, सर्वात वरचं टोक ही झोनची वरची रेषा. सगळ्यात खालची विक, म्हणजे बॉडीबाहेरची बारीक रेघ, जिथे टेकली ती खालची रेषा. निघून जाणं जोरदार नसेल तर चौकोन काढूच नये. माझा साधा निकष असा, की परत फिरण्याआधी भाव झोनच्या उंचीच्या निदान तिप्पट तरी दूर गेलेला असावा.

त्या जोरदार निघून जाण्याला एवढं महत्त्व का, हे समजायला कॉटन मार्केटमधला हर्रास डोळ्यांसमोर आणा. एका जिनिंगच्या खरेदीदाराला पाचशे क्विंटल कापूस हवा आहे. दोनशे मिळतो, तोवर बाकीचे व्यापारी बोली चढवतात आणि भाव त्याच्या हाताबाहेर जातो. त्याची तीनशेची भूक बाकीच आहे. पुढच्या आठवड्यात भाव पुन्हा त्या जागी आला, की तो उठून बोली लावणार. पण ते तीनशे क्विंटल एकदा त्याच्या गाडीत चढले, की त्यानंतर भाव तिथे आला तरी त्याला घाई नसते. कोरा झोन म्हणजे बाकी राहिलेली भूक. वापरलेला झोन म्हणजे थोडी किंवा पुरती भागलेली भूक.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. रोजच्या चार्टवर एक शेअर ४५० वरून ४०८ च्या आसपास आला. तीन दिवस लहान कँडल झाल्या. त्यांच्या बॉडी ४०७.५० ते ४११ च्या मध्ये, आणि सगळ्यात खालची विक ४०४ ला. चौथ्या दिवशी शेअर ४१०.५० ला उघडला, सकाळी ४०९ पर्यंत उतरला आणि ४२७ ला बंद झाला. पाचव्या दिवशीचा नीचांक ४२५, बंद ४४१. पुढे ४४६ पर्यंत जाऊन भाव थकला. झोन झाला ४११ ते ४०४, म्हणजे सात रुपयांचा, आणि निघून जाणं पस्तीस रुपयांचं, म्हणजे उंचीच्या पाचपट.

चौथ्या दिवशी सकाळी भाव ४०९ ला आला, म्हणजे झोनच्या आत आला. मग झोन तेव्हाच वापरला गेला का? नाही. ती निघण्याचीच हालचाल होती. कोरेपणाची मोजणी तेव्हा सुरू होते, जेव्हा एक अख्खी कँडल, विकसकट, वरच्या रेषेच्या वर उभी राहते. आपल्या उदाहरणात ती पाचव्या दिवशी उभी राहिली. त्यानंतरचा पहिला स्पर्श हाच खरा पहिला स्पर्श.

तो पाच आठवड्यांनी झाला. भाव ४०९.२० पर्यंत आला, ४१६ ला बंद झाला आणि पुढच्या काही दिवसांत ४३२ ला पोहोचला. झोनच्या सात रुपयांपैकी एक रुपया ऐंशी पैसे, म्हणजे साधारण पाव भाग, खाल्ला गेला. समजा एकाने ४११ ला शंभर शेअर घेतले होते, खालच्या रेषेखाली एक रुपया सोडून ४०३ ला स्टॉप लॉस लावला होता आणि लक्ष्य दुप्पट जोखमीचं, म्हणजे ४२७ ठेवलं होतं. खर्च सोडून त्याला १,६०० रुपये मिळाले. जोखीम ८०० ची होती.

आणखी तीन आठवड्यांनी भाव पुन्हा तिथेच. त्याच माणसाने तीच ऑर्डर तशीच लावली. या वेळी भाव ४०५.५० पर्यंत रुतला, म्हणजे झोनचा जवळपास चार-पंचमांश भाग आत गेला. दोन दिवस बंद भाव झोनच्या आतच राहिला. मग उसळी आली, पण ४१९ ला संपली. ४२७ लागलंच नाही. तिसऱ्यांदा भाव आला तेव्हा ४०२ ला बंद झाला आणि वाटेत स्टॉप लॉस लागला. रेषा त्याच, ऑर्डर तीच, आणि ८०० रुपये गेले.

एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. कोरे झोनही तुटतात, वापरलेलेही कधी कधी दणक्यात चालतात. पण या चार्टवर झोन झिजण्याच्या तीन खुणा दिसतात आणि त्या ओळखायला शिकलंच पाहिजे. प्रत्येक भेटीत भाव जास्त खोल गेला. आत जास्त वेळ थांबला. आणि उसळी आधीपेक्षा लहान झाली. यात मी सगळ्यात जास्त वजन खोलीला देतो. पाव भागाला स्पर्श करून भाव उसळला असेल तर झोनमध्ये अजून काही शिल्लक असू शकते. निम्म्याच्या खाली गेला असेल तर मी तो झोन पुसून टाकतो.

'सपोर्ट जितक्या वेळा टिकला तितका मजबूत' असं शिकलेल्यांना हे पटायला जड जातं. सपोर्टची रेषा स्पर्शांनीच बनते. दोन-तीन ठिकाणी भाव टेकला म्हणूनच ती ओढता येते. झोन मात्र एका निघून जाण्याने बनतो आणि स्पर्शाने झिजतो. दोन्ही हत्यारं एकाच चार्टवर वापरायची असतील, तर कोणत्या जागेला आपण कोणत्या नात्याने पाहतोय हे आधी ठरवावं. नाहीतर झोन म्हणून काढलेली जागा तिसऱ्या भेटीत सपोर्ट म्हणून राखली जाते आणि तिथेच पैसे जातात.

कोरा वाटणारा, पण कोरा नसलेला झोन ओळखणं सगळ्यात अवघड आहे. पहिली फसगत लाईन चार्टवर होते. त्यात फक्त बंद भाव दिसतात, म्हणून दिवसात येऊन गेलेला स्पर्श दिसतच नाही. कोरेपणा तपासायचा तर कँडल चार्ट लावा आणि वरच्या रेषेच्या वर उभ्या राहिलेल्या पहिल्या अख्ख्या कँडलपासून आजच्या दिवसापर्यंत उजवीकडे सरकत प्रत्येक विकचं खालचं टोक पाहा.

दुसरी फसगत गॅपची. समजा शेअर ४१५ च्या वर सुरक्षित बंद झाला आणि वाईट निकालानंतर सकाळी ३९८ लाच उघडला. ४११ ते ४०४ मध्ये एकही कँडल नाही, चौकोन स्वच्छ दिसतो. पण भाव त्याच्या खाली गेलेला आहे. तिथे घ्यायला बसलेल्यांना आता त्याहून स्वस्तात माल मिळतोय. हा झोन कोरा नाही, मोडलेला आहे. पुढे भाव वर चढून परत खाली आला, तरी त्या जुन्या चौकोनावर भरवसा ठेवू नये.

तिसरी बोनस आणि स्प्लिटची. एकास एक बोनस आला की मागचे सगळे भाव निम्मे करून दाखवले जातात, ४११ चे २०५.५० होतात. तुम्ही हाताने काढलेला चौकोन मात्र बऱ्याचदा ४११ लाच राहतो. असा चौकोन कोरा की वापरलेला हा प्रश्नच फोल आहे. नव्या भावावर तो पुन्हा काढावा लागतो.

आणि डावीकडेही पाहावं लागतं. वरच्या उदाहरणातला झोन सहा महिन्यांपूर्वीच्या, समजा ४१५ ते ४०० च्या, साप्ताहिक झोनच्या पोटात बसत असेल, तर दोन शक्यता असतात. त्या मोठ्या झोनला ही पहिलीच भेट असेल, तर छोट्या झोनला आधार मिळतो. पण मोठ्या झोनवर भाव त्याआधीच दोनदा येऊन गेला असेल, तर आपला 'नवा' झोन म्हणजे जुन्या उरल्यासुरल्या मागणीचाच तुकडा. रोजच्या चार्टवर तो कोरा दिसेल, साप्ताहिक चार्टवर तो थकलेला असेल. अशा वेळी मी साप्ताहिक चार्टचं ऐकतो.

राहिला तो झोन, ज्याच्या दारातून भाव परत फिरला. ४११ ची वरची रेषा आणि भाव ४१२.३० ला येऊन उसळला. नियमाने झोन कोराच आहे. तरी मी त्याला निम्मा वापरलेला मानतो, कारण ज्यांना घ्यायचं होतं त्यांच्यातल्या काहींनी रेषेपर्यंत वाट न पाहता घेतलं असावं. यावर जाणत्यांचंही एकमत नाही.

सप्लाय झोनला हे सगळं उलटं करून लागू होतं: वरच्या बाजूला बेस, खाली जोरदार पडझड, आणि खालून येणारा पहिला स्पर्श.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. 'तिथे मोठ्यांच्या ऑर्डरी पडून आहेत' असं सर्रास सांगितलं जातं. एनएसईवर शेअरची साधी ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. बाजार बंद झाला की उरलेली ऑर्डर रद्द होते. ब्रोकरच्या जीटीटी ऑर्डरी ब्रोकरकडे थांबतात, भाव तिथे आल्यावरच बाजारात जातात. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वीच्या झोनमध्ये एक्सचेंजच्या यादीत काहीही पडून नसतं. असतो तो मोठ्या खरेदीदाराचा इरादा, जो तुकड्यातुकड्याने माल घेतो आणि कधीही बदलू शकतो. झोन हा त्या इराद्याचा चार्टवरून बांधलेला अंदाज आहे. म्हणून सहा महिने कुणी न शिवलेल्या झोनपेक्षा, कंपनीची स्थिती तीच असताना तयार झालेला आणि अजून न शिवलेला चार-सहा आठवड्यांचा झोन मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि दोन्हीकडे ऑर्डर लावताना खालच्या रेषेखालचा स्टॉप लॉस आधी लिहिलेला असतो.