प्रगतिपत्रकातील रडार आलेख: विषयांचा क्रम बदलला की चित्र का बदलते

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून प्रगतिपत्रके करून घेणाऱ्या शाळा आणि शिकवणी वर्ग बहुतेक वेळा एक मागणी आवर्जून करतात: विषयवार टक्केवारी कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या रडार आलेखात दाखवावी. हा आलेख पानावर उठून दिसतो यात शंका नाही. परंतु तो पाहून पालक जो निष्कर्ष काढतात, तो पुष्कळदा गुणांवरून नव्हे तर विषय कोणत्या क्रमाने मांडले आहेत यावरून निघालेला असतो. हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू.

सहा विषयांच्या रडार आलेखात केंद्रापासून सहा अक्ष निघतात आणि शेजारच्या दोन अक्षांमध्ये 60 अंशांचा कोन असतो. केंद्र म्हणजे 0 टक्के आणि बाहेरचे टोक म्हणजे 100 टक्के. प्रत्येक अक्षावर त्या विषयाच्या टक्केवारीचा बिंदू देतात, मग ते बिंदू रेषांनी जोडून आतला भाग रंगवतात. पाहणाऱ्याची नजर या रंगवलेल्या भागावर जाते आणि त्याच्या आकारमानावरून विद्यार्थी कसा आहे याचा अंदाज ती बांधते.

आता एका काल्पनिक विद्यार्थ्याचे गुण घेऊ: गणित 90, विज्ञान 88, संगणक 92, भाषा 42, इतिहास 40 आणि भूगोल 38. सरासरी बरोबर 65 टक्के येते. रंगवलेला भाग सहा त्रिकोणांचा बनलेला असतो आणि प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ शेजारच्या दोन विषयांच्या गुणाकारावर अवलंबून असते. कोन सगळीकडे सारखाच असल्यामुळे तुलनेसाठी हे सहा गुणाकार करून त्यांची बेरीज घेतली तरी पुरते. विषय वर लिहिलेल्या क्रमाने मांडले, तर ही बेरीज 26,500 येते. सर्व विषयांत 100 टक्के असते तर ती 60,000 आली असती, म्हणजे या विद्यार्थ्याचे जाळे सुमारे 44 टक्के भरलेले दिसते.

आता गुणांना हात न लावता फक्त क्रम बदलू: गणित, भाषा, विज्ञान, इतिहास, संगणक, भूगोल. प्रत्येक चांगल्या विषयाच्या दोन्ही बाजूंना कच्चा विषय आल्याने बेरीज 21,592 वर उतरते आणि जाळे 36 टक्केच भरते. विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिका त्याच, सरासरीही तीच. पण पहिल्या मांडणीतील रंगवलेला भाग दुसऱ्यापेक्षा जवळजवळ 23 टक्क्यांनी मोठा आहे. आकृतीचे रूपही पालटते. पहिल्या मांडणीत एका बाजूला फुगलेला आकार दिसतो आणि मुलाचा कल शास्त्राकडे आहे असे वाटते; दुसरीत तीन टोकांची चांदणी दिसते आणि मुलाच्या अभ्यासात सातत्य नाही असे वाटते. यांपैकी कोणते खरे, हे चित्र सांगत नाही, कारण विषयांना मुळात कोणताही नैसर्गिक क्रम नाही. वर्षाचे बारा महिने किंवा वाऱ्याच्या दिशा वर्तुळात मांडल्या तर त्यांची शेजारधर्माची जागा ठरलेली असते. भूगोलाच्या शेजारी गणितच का यावे, याला मात्र काही कारण नाही. गणिताचा बिंदू आणि भूगोलाचा बिंदू जोडणारी रेषादेखील कशाचेच मोजमाप नसते.

गैरहजेरीच्या बाबतीत हा दोष सर्वांत जास्त नडतो. पहिल्या मांडणीतील विद्यार्थी आजारपणामुळे विज्ञानाच्या पेपरला बसला नाही आणि तक्त्यात त्या जागी शून्य पडले, तर विज्ञानाच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण नाहीसे होतात आणि रंगवलेल्या भागाचे सुमारे 60 टक्के क्षेत्रफळ एका फटक्यात जाते. तोच विद्यार्थी इतिहासाच्या पेपरला गैरहजर राहिला असता, तर केवळ 12 टक्के क्षेत्रफळ गेले असते. चुकलेला पेपर दोन्ही वेळा एकच, पण चित्रातील खड्डा पाचपट. स्तंभालेखात अशा विषयाची जागा रिकामी ठेवून तेथे ‘गैरहजर’ असे लिहिता येते आणि बाकीचे पाच स्तंभ जसेच्या तसे उभे राहतात.

दुसरा दोष वाढीसंबंधीचा आहे. सर्व विषयांत 60 टक्के असलेला विद्यार्थी पुढच्या सत्रात सर्व विषयांत 72 वर गेला, तर गुण एक पंचमांशाने वाढले. क्षेत्रफळ मात्र 44 टक्क्यांनी वाढते, कारण ते गुणांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पालकांना हे पाहून आनंद होतो, हे आम्ही मान्य करतो, पण घसरणही अशीच फुगवून दिसते हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट केंद्राची. सर्व गुण 70 ते 80 च्या दरम्यान असतील, तर आलेख काढणारे सॉफ्टवेअर कधी कधी केंद्र शून्याऐवजी 60 वर ठेवते आणि मग 80 चा बिंदू 70 च्या बिंदूपेक्षा केंद्रापासून दुप्पट दूर दिसतो. एक्सेलमध्ये अक्षावर उजवी क्लिक करून `Format Axis` मध्ये `Minimum` ला 0 आणि `Maximum` ला 100 हे आकडे स्वतः भरावेत. ही काळजी स्तंभालेखातही घ्यावीच लागते. तेवढ्यापुरते दोन्ही आलेख सारखेच.

साध्या स्तंभालेखात सर्व स्तंभ एकाच तळरेषेवर उभे असतात, त्यामुळे 88 आणि 92 मधला फरक केवळ टोकांची उंची पाहून कळतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हेच मांडले होते की, एकाच मोजपट्टीवरील स्थानांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो आणि क्षेत्रफळाची तुलना त्या मानाने बरीच चुकवतो. शिवाय स्तंभांचा क्रम बदलला तरी एकाही स्तंभाची उंची बदलत नाही. गुणांच्या उतरत्या क्रमाने स्तंभ मांडले आणि प्रत्येकावर वर्गाच्या सरासरीची एक आडवी खूण दिली, तर कोणत्या विषयात लक्ष घालायचे ते पालकांना विचारावे लागत नाही.

रडार आलेख अगदीच टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. एकाच विद्यार्थ्याची दोन सत्रे, त्याच क्रमाने आणि 0 ते 100 याच मापाने एकमेकांवर मांडली, तर आकार कोणत्या बाजूने सरकला ते चटकन दिसते. त्यातही आतला भाग न रंगवता फक्त बाह्यरेषा काढावी आणि प्रत्येक बिंदूशेजारी आकडा छापावा. आपल्याकडे आधीच छापलेली पत्रके असतील, तर कोणत्याही एका विद्यार्थ्याचे विषय वेगळ्या क्रमाने भरून तोच आलेख पुन्हा काढून पाहावा आणि दोन्ही चित्रे अशा शिक्षकांना दाखवावीत, ज्यांना हा विद्यार्थी एकच आहे हे ठाऊक नाही. त्यांचे अभिप्राय वेगळे आले, तर तो आलेख पालकांच्या हाती देऊ नये.

पुढील सत्रापासून आमच्या प्रगतिपत्रकाच्या नमुन्यात स्तंभालेखच असेल. ज्यांना रडार आलेख हवा असेल त्यांनी विषयांचा क्रम मागणीसोबत लेखी कळवावा. तो क्रम सर्व विद्यार्थ्यांसाठी आणि सर्व सत्रांसाठी एकच ठेवला जाईल आणि गैरहजर विषय असलेल्या विद्यार्थ्याच्या पत्रकावर रडार आलेख छापला जाणार नाही.