१२२३ म्हणजे मार्च की डिसेंबर? टायरची तारीख आणि बॅटरीची तारीख

आमच्या पार्ट्सच्या काउंटरवर नवीन लागलेल्या मुलाला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो. टायरवर १२२३ असं कोरलंय, तर तो कधीचा? दहापैकी नऊ जण म्हणतात, डिसेंबर २०२३. टायर खरं तर २०२३ सालच्या बाराव्या आठवड्यातला असतो, म्हणजे मार्चच्या शेवटाकडचा. वाचण्यातल्या एवढ्या चुकीत माल नऊ महिन्यांनी तरुण होतो.

चूक मुलाची म्हणावी तर तसंही नाही. शेजारच्या रॅकवर बॅटऱ्या असतात, आणि एखाद्या कंपनीच्या बॅटरीवर हेच चार आकडे खरोखर डिसेंबर २०२३ सांगत असतात. तारीख दोन्ही मालांवर असते, दोन्हींचा नियम 'जुना माल आधी काढा' असाच सांगितला जातो, आणि त्यामुळे दोन्हींना एकाच पद्धतीनं हाताळलं जातं. घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी टायर, कारण तो सोपा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी ही अक्षरं असतात आणि पुढे अक्षरं-आकड्यांची एक लांबट ओळ असते. तिच्या शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २००० सालापासून ही पद्धत आहे. हे चार आकडे बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला ओळ अर्धवट संपते. टायर रॅकवर उभे लावले आणि तारखेची बाजू आत गेली, की गिऱ्हाइकासमोर एकेक टायर ओढून फिरवत बसावं लागतं. म्हणून आम्ही माल उतरवतानाच तारीख शोधून टायरच्या नक्षीवर खडूनं मोठ्या आकड्यांत लिहितो. खडू पुसला जातो, पण टायर विकेपर्यंत पुरतो.

बॅटरीचं तसं नाही. तिला सर्वांनी पाळावा असा एकच नमुना नाही. कुणी महिना आणि वर्ष सरळ छापतं, कुणी महिन्याला अक्षर देतं, म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर जानेवारी, दुसरं फेब्रुवारी, आणि पुढे वर्षाचा शेवटचा आकडा. कुणाची तारीख लांबलचक अनुक्रमांकाच्या मधल्या दोन-तीन खुणांत दडलेली असते. कुठे ती वरच्या झाकणावर ठसवलेली, कुठे स्टिकरवर. तेव्हा आपण ज्या ज्या कंपनीचा माल ठेवतो, तिच्या माणसाकडून कोड वाचायची रीत लिहून घ्यायची आणि तो कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. अंदाजानं वाचू नये. एका कंपनीची रीत दुसरीला लावली तर १२२३ चं पुन्हा तेच होतं.

आता माल फिरवण्याकडे येऊ. बहुतेक दुकानांत 'आधी आलेला आधी विका' असं चालतं. आवक रजिस्टरवरून. हे चालतं कुठे, तर कंपनीकडून माल नेहमी ताजाच येतो असं धरलं तिथे. प्रत्यक्षात डेपोतल्या मालाच्या रांगाही गुंतलेल्या असतात. समजा १२ एप्रिल २०२५ ला एकाच मापाचे चार टायर आले, तारीख ०८२५, म्हणजे फेब्रुवारीतले. मग २० मे ला आणखी चार आले, तारीख ४४२४. हे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचे. आवक रजिस्टर म्हणतं, एप्रिलचे आधी काढा. टायरवरची तारीख म्हणते, मे मध्ये आलेले आधी काढा, कारण ते जवळपास साडेतीन महिने म्हातारे आहेत. टायरच्या बाबतीत नेहमी टायरवरची तारीख ऐकावी.

हे संगणकावर करताना एक खोच आहे. एक्सेलमध्ये ०८२५ टाइप केलं की पुढचं शून्य गळतं आणि ८२५ उरतं. शिवाय सरळ लहान-मोठं लावलं तर ०८२५ आधी आणि ४४२४ नंतर येतं, म्हणजे नेमकं उलटं, कारण वर्ष शेवटी आहे. वर्ष पुढे आणावं लागतं:

```
=RIGHT(TEXT(A2,"0000"),2)&LEFT(TEXT(A2,"0000"),2)
```

यातून २५०८ आणि २४४४ मिळतात, आणि लहान आकडा म्हणजे जुना माल असा क्रम बरोबर लागतो.

पण टायर एकटा क्वचितच विकला जातो. गिऱ्हाईक जोडी मागतं, आणि एका ॲक्सलवर दोन वेगळ्या वर्षांचे टायर दिसले की भांडतं. सर्वांत जुना आधी हा नियम डोळे मिटून पाळला, तर पंक्चर होऊन फाटलेल्या एकट्या टायरच्या गिऱ्हाइकाला जुन्या जोडीतला एक जातो आणि दुसरा सुटा पडून राहतो. तो मग वर्षभर कोणाला नको असतो. आम्ही जुनी जोडी शाबूत ठेवतो आणि एकट्याच्या गिऱ्हाइकाला आधीपासून सुटा पडलेला टायर दाखवतो, तारीख सांगून. त्यामुळे क्रम काही दिवसांनी चुकला तरी चालतं, कारण गोडाऊनमधला टायर तसा घाईत नसतो.

ही घाई नसणं समजून घ्यायला हवं. टायरचं रबर हवेतल्या ऑक्सिजननं आणि ओझोननं कडक होत जातं. गाडीखाली वजन, वळण आणि तापमान यांनी ते वेगानं होतं, सावलीत, वजनाशिवाय ठेवलेल्या टायरमध्ये सावकाश. ओझोन जिथे तयार होतो तिथून मात्र टायर लांब हवेत, आणि टायरच्या दुकानात तो तयार होतो कॉम्प्रेसरच्या ठिणग्या उडवणाऱ्या मोटरपाशी आणि वेल्डिंगपाशी. तेल-ग्रीस आणि थेट ऊन हेही टाळायचं. पिवळट-तपकिरी झाक आलेला टायर म्हणजे जुना, असा बऱ्याच गिऱ्हाइकांचा समज असतो. ती झाक रबरातल्या ओझोनपासून वाचवणाऱ्या रसायनाची, ते पृष्ठभागावर येतं म्हणून दिसते. खरं वय पाहायचं असेल तर नक्षीच्या खाचेच्या तळाशी आणि रिमला बसणाऱ्या कडेपाशी बारीक भेगा शोधाव्यात. त्या दिसल्या तर तारीख कितीही ताजी असो, टायर विक्रीतून काढावा.

बॅटरीला मात्र घाई असते, आणि तिची घाई तारखेवर लिहिलेली नसते. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी कुठेही न जोडता नुसती ठेवली तरी आतून उतरत राहते. उकाडा वाढला की हे उतरणं वाढतं, साधारण दर १० अंशांना दुप्पट. आमच्याकडे अकोल्यात मे महिन्यात पत्र्याखालचं गोडाऊन सहज ४५ अंशांवर जातं. समजा एखादी बॅटरी २५ अंशांत महिन्याला ३ टक्के उतरत असेल, तर तिथे ती १२ टक्क्यांच्या आसपास उतरेल. हल्लीच्या कॅल्शियम जाळीच्या बॅटऱ्या याहून कमी उतरतात, पण उकाड्याचा नियम त्यांनाही लागू आहे. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट साचतं. काही आठवड्यांत चार्ज केलं तर ते विरघळतं, महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर घट्ट होतं आणि मग क्षमता परत येत नाही. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात. ते जुन्या काळच्या लाकडी-रबरी पेट्यांचं, प्लास्टिकच्या पेटीला फरशीचं वावडं नाही. पत्र्याचं आहे.

म्हणून टायरला एक यादी पुरते, बॅटरीला दोन लागतात. एक बनवल्याच्या तारखेची, जी विक्रीसाठी. दुसरी शेवटच्या पूर्ण चार्जच्या तारखेची, जी तपासणीसाठी. ही दुसरी तारीख कारखाना छापत नाही, ती आपण चिकटपट्टीवर लिहायची.

जूनमधलं उदाहरण घ्या. ३५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या रॅकवर आहेत. पहिली नोव्हेंबरची, मे मध्ये आम्ही चार्ज केलेली, मल्टिमीटर १२.६१ व्होल्ट दाखवतो. दुसरी फेब्रुवारीची, आल्यापासून हात न लावलेली, १२.३८ दाखवते. कोडवरून विचारलं तर नोव्हेंबरची आधी. ती द्याच, ती भरलेली आहे. पण ती संपल्यावर फेब्रुवारीची तशीच काढून द्यायची नाही. १२.४ च्या खाली आलेली बॅटरी साधारण सत्तर टक्क्यांवर असते आणि ती आज चार्जरला लावायची असते. सावकाश, क्षमतेच्या दहाव्या भागानं, म्हणजे साडेतीन अँपिअरनं. दहा-अकरा अँपिअर-तास भरायचे, वर थोडी तूट, तेव्हा चार-पाच तास. खोली हवेशीर हवी, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो.

चार्जर काढल्या काढल्या मोजू नका. तेव्हा आकडा फुगलेला असतो. रात्रभर ठेवून सकाळी मोजा. १२.६ च्या वर टिकली तर पट्टीवर नवी तारीख लिहून पुन्हा रांगेत. १२.५ च्याही खाली घसरली तर ती वेगळी काढायची. बूच उघडणारी असेल तर हायड्रोमीटरनं सहाही घरं तपासा. पाच घरं १.२६ च्या जवळपास आणि एक १.२० वर असेल, तर ते घर गेलं.

मागे आमच्या एका दुकानदार मित्राकडून सात महिने पडून राहिलेली बॅटरी एका टॅक्सीवाल्याला गेली. महिन्याभरात गाडी सकाळी सुरू होईना. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून चालू होती, कार्डावर शिक्काही होता, पण सर्व्हिस सेंटरवाल्यानं ती उतरलेली म्हणून चार्ज करून परत दिली. नुसती उतरलेली बॅटरी बदलून मिळत नाही, उत्पादनातला दोष असला तर मिळते. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, मग चार्ज, मग पुन्हा. शेवटी मित्रानं स्वतःच्या खिशातून नवी दिली. जुनी उघडून पाहिली नाही, पण तिच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी नव्हती. ती गोडाऊनमध्ये असताना एकदाही मोजली गेली नव्हती, हे तो स्वतःच सांगतो.

टायरवाल्या गिऱ्हाइकाशी बोलणं सोपं असतं. तो तारीख वाचायला शिकून येतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि सहा महिन्यांपूर्वीचा टायर पाहून कपाळाला आठ्या घालतो. त्याला मी खाचेचा तळ दाखवतो. बॅटरीवाला तारीख विचारतच नाही. म्हणून त्याच्यासमोर मी मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या टेकवतो आणि आकडा बिलावर लिहितो.