मुले पळवण्याच्या अफवेचे खंडन

गल्ली, सोसायटी किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ असा फॉरवर्ड आल्यावर त्याखाली लिहिलेला छोटा खुलासा. भीती न वाढवता अफवा तिथेच थांबवणे हा त्याचा हेतू असतो.

अशा अफवेचा धोका सांगली जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील चार साधू विजापूरहून पंढरपूरला निघाले होते. जत तालुक्यातील लवंगा गावात त्यांनी एका मुलाला वाट विचारली. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना बेदम मारहाण केली. पोलिसांच्या चौकशीत ते खरोखरच साधू निघाले. त्याआधी, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच संशयावरून मंगळवेढा भागातील पाच भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. दोन्ही ठिकाणी मार बसला तो परगावाहून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसांना. म्हणून खुलाशात ‘अफवा आहे’ एवढे म्हणून भागत नाही. अनोळखी माणूस दिसला तर काय करायचे, हेही सांगावे लागते.

लिहिण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करावा. फॉरवर्डमध्ये मुलाचे नाव, तारीख, पोलीस ठाणे यांपैकी काहीच नसेल आणि फक्त ‘आपल्या भागात’ असेल, तर शंका बळावते. समजा, विश्रामबागच्या एका ग्रुपवर मोटरसायकलवरून मूल उचलून नेल्याची क्लिप आली. २०१८ मध्ये देशभर फिरलेली अशी एक क्लिप मुळात कराचीतील जनजागृतीपट होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कापून ती पसरवली गेली. क्लिप तीच आहे याची खात्री झाल्यावर खुलासा असा लिहिता येतो:

‘वहिनी, आत्ताच पोलीस ठाण्यात विचारलं. आपल्या भागात मूल पळवल्याची तक्रार नाही. ही क्लिप कराचीतल्या जनजागृतीपटाची आहे, शेवट कापलाय. पुढे पाठवू नका. कुणाचा संशय आलाच तर त्याला अडवू नका, हात लावू नका. ११२ ला फोन करा.’

इथे दिलाशाची बातमी आधी येते, क्लिप पुन्हा जोडलेली नाही आणि पाठवणाऱ्या बाईंना कमीपणा आणलेला नाही. हे शेवटचे फार महत्त्वाचे. पोरांच्या काळजीनेच त्यांनी ती पाठवलेली असते. चारचौघांत त्यांना खोटे पाडले तर त्या गप्प बसतात किंवा वाद घालतात, आणि फॉरवर्ड दुसऱ्या ग्रुपवर तसाच राहतो. ‘तिकडेही एवढं कळवाल का?’ असे त्यांनाच वेगळे विचारावे.

‘मुले कधी पळवली जातच नाहीत’ असे मात्र लिहू नये, कारण ते खरे नाही. पोलिसांकडून उत्तर मिळाले नसेल तर ‘विचारलंय, कळलं की सांगतो, तोवर पुढे पाठवू नका’ एवढेच लिहावे. मूल खरोखर हरवले असेल तर पालकांना लगेच पोलिसांकडे पाठवावे; मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. मूल सापडल्यावर ग्रुपवरचा त्याचा फोटो काढून टाकावा, नाहीतर तोच पुढे नव्या अफवेसोबत फिरू शकतो.