माडाचा फोटो वाचताना: पिवळी झावळी खालची की वरची?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटीकडच्या परसातल्या माडाचा फोटो पावसाळ्यात कुणी दाखवला, की डोळा आधी पिवळ्या झावळ्यांवर जातो. ‘पोटॅश कमी पडलंय’ असं सांगून लोक मोकळे होतात. बरेचदा ते खरंही असतं. पण झावळी किती पिवळी आहे हे नंतर बघावं. आधी बघावं ती कितवी झावळी आहे.

माडाचा शेंडा म्हणजे महिन्यांचं कॅलेंडर आहे. चांगल्या वाढीच्या माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते आणि ती अडीच-तीन वर्षं टिकते. त्यामुळे निरोगी मोठ्या माडावर एका वेळी तीस ते पस्तीस झावळ्या दिसतात. मधोमध उभी, अजून न उलगडलेली असते ती सुई. सुईच्या लगत पूर्ण उघडलेली सर्वांत कोवळी झावळी ही पहिली धरायची आणि तिथून खाली मोजत यायचं. दहाव्या झावळीच्या आसपास बेचक्यातली फुलोऱ्याची पोय फुटते. चौदाव्याच्या बेचक्यात मुठीएवढे नारळ असतात आणि विसाव्याच्या पुढे काढणीला आलेले. म्हणजे झावळीचा क्रमांक कळला की त्या बेचक्यातल्या घडाचं वयही कळतं.

नत्र, पालाश म्हणजेच पोटॅश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडात इकडून तिकडे फिरू शकतात. जमिनीतून पुरेशी आली नाहीत, तर माड म्हाताऱ्या झावळ्यांतून ती काढून कोवळ्यांना देतो, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह आणि बोरॉन फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई वरच्या, नव्या झावळ्यांत दिसते. खानापूर, कणकुंबीच्या बाजूला जांभ्याची तांबडी जमीन आणि धो-धो पाऊस, त्यामुळे पालाश आणि मॅग्नेशियम धुऊन जातं आणि खालच्या झावळ्या पिवळ्या पडतात. निपाणी-चिकोडीकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि तिथे पिवळेपणा शेंड्यातून सुरू होतो. दोन्ही फोटो मोबाईलवर लहान करून बघितले तर एकसारखे दिसतात. उपाय मात्र पूर्ण वेगळे.

खालच्या पिवळ्या झावळ्यांतही फरक करता येतो. मॅग्नेशियम कमी असेल तर उन्हात असलेला भाग पिवळा होतो आणि दुसऱ्या झावळीच्या सावलीत झाकलेला तुकडा हिरवाच राहतो. फोटो मोठा करून बघितला की ही सावलीची रेघ स्पष्ट दिसते. पालाश कमी असेल तर पात्यांवर नारिंगी ठिपके येतात, टोकं आणि कडा करपतात, हिराच्या दोन्ही बाजूंना मात्र हिरवी पट्टी शिल्लक राहते. सगळ्यांत खालची एखाद-दुसरी झावळी पिवळी होऊन लोंबत असेल, तर ते तिचं म्हातारपण. त्याला औषध नाही आणि गरजही नाही.

हे सगळं दिसायला फोटो तसा हवा. बुंध्याशी उभं राहून वर कॅमेरा धरला, तर खालच्या झावळ्यांची पाठ आणि आभाळ एवढंच येतं. सुई त्यात दिसतच नाही, आणि नेमकी तीच बघायची असते. माड जेवढा उंच, निदान तेवढं अंतर मागे सरा. सूर्य पाठीशी असू द्या. सकाळी आठ ते दहाची वेळ बरी, कारण संध्याकाळच्या उन्हात निरोगी झावळीही पिवळी वाटते. आभाळ उजळ असलं की मोबाईल शेंडा काळा करून टाकतो, म्हणून पडद्यावर शेंड्याला बोट लावून उजेड थोडा वाढवायचा. चारी बाजूंनी एकेक फोटो काढावा, आणि एका फोटोत शेजारचा चांगला माड येऊ द्यावा म्हणजे रंगाची तुलना करता येते. बुंध्यावर एका बाजूला चुन्याचा पट्टा मारला, की पुढच्या महिन्यात त्याच जागेवरून तोच कोन मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर बारीक ठिपके वाटेतच पुसले जातात.

आता सुईकडे. कोंब कुजणे हा रोग इथेच दिसतो. कन्नडमध्ये याला ‘सुळी कोळे रोग’ म्हणतात, आणि बागायत खात्याच्या कार्यालयात हा शब्द लगेच समजतो. तो ज्या जीवापासून होतो त्याला आज फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा म्हणतात. एडविन बटलर यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. झावळ्यांच्या बेचक्यात साठलेलं पाणी, दिवसभर न वाळणारा शेंडा आणि वीस-बावीस अंशांचा गारवा हे तिला हवं असतं. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे ते आठशे मीटरवरच्या या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये ते सगळं आयतं मिळतं.

फोटोत तीन गोष्टी बघायच्या. सुईचा रंग: निरोगी सुई पोपटी-फिकट आणि तुकतुकीत, रोगट सुई मळकट, बिस्किटी. सुईचा तोल: ती एका बाजूला कललेली किंवा मोडून लोंबलेली आहे का. आणि सुईची वाढ: पंधरा दिवसांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंत ती उंचावलेली दिसायलाच हवी. हा तिसरा मुद्दा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो, कारण रंग कॅमेरा बदलू शकतो, उंची नाही.

फसगत होते ती वेगळ्याच कारणाने. कोंब मेला तरी बाहेरच्या झावळ्या कित्येक महिने हिरव्यागार राहतात आणि त्यांच्या बेचक्यातले नारळही पोसत राहतात. लांबून माड छान दिसतो, फक्त मध्ये खिंडार पडलेलं असतं. नवी झावळी येत नाही हे लक्षात येईपर्यंत उपायाची वेळ गेलेली असते.

सुई बिघडवणारे दुसरेही आहेत. गेंड्या भुंग्याने कुरतडलेली झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. त्या जखमेतून कूज आत शिरते, म्हणून दोन्ही एकत्रही सापडतात. सोंड्या भुंगा लागला असेल तर शेंड्याजवळच्या खोडाला भोकं पडतात, त्यांतून तपकिरी रस आणि चघळलेला चोथा बाहेर येतो. वळवाच्या पावसात वीज पडलेल्या माडाच्या झावळ्या मात्र एकदम मोडल्यासारख्या खाली पडतात. कूज कधीच इतक्या घाईने येत नाही.

एक उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातला अठरा वर्षांचा, दहा मीटर उंचीचा माड, ऑगस्टचा दुसरा आठवडा. मालकाची तक्रार अशी की खालच्या चार झावळ्या पिवळ्या पडल्या आणि नारळ गळतात. फोटोत मोजल्या तर झावळ्या सव्वीसच. पिवळ्या चारांवर सावलीचे हिरवे तुकडे दिसतात, म्हणजे मॅग्नेशियमची टंचाई. आठवड्यात बुंध्याखाली नऊ फळं पडली: सहा सुपारीएवढी, तीन लिंबाएवढी. पोय फुटल्यावर पहिल्या दोन महिन्यांत निम्म्याहून जास्त कोवळी फळं गळणं हे माडाचं रोजचंच आहे, त्यामुळे त्या सहांची चिंता नको. उरलेली तीन कागदावर ठेवून, देठाची टोपी काढून जवळून बघितली तर टोपीखालून निघालेले तपकिरी, खरबरीत त्रिकोणी डाग दिसले. हा एरिओफाईड कोळी. डोळ्यांना न दिसणारा हा जीव १९९८ मध्ये केरळात आढळला आणि तिथून पसरला. डाग नसता आणि देठाजवळ ओला, काळपट चट्टा असता, तर नारळालाही फायटोफ्थोरानेच गाठलं असं म्हणता आलं असतं.

इथपर्यंत घाईचं काही नाही. पण लांबून घेतलेल्या फोटोत सुई पश्चिमेला कललेली, बिस्किटी रंगाची दिसते, आणि जुलैअखेरच्या फोटोशी ताडून बघितलं तर ती जराही वाढलेली नाही. मालकाने तक्रार केली नव्हती तीच गोष्ट माड मारणारी आहे. खत महिन्याने दिलं तरी चालेल, पण शेंड्यावर याच आठवड्यात माणूस चढायला हवा.

चढणाऱ्याने सुई हलकेच ओढायची. ती सहज निघून हातात आली आणि बुडाला घाण वास असेल, तर शंका संपली. फोटो ही खात्री देऊ शकत नाही, कारण कुजणारं बूड झावळ्यांच्या देठांत दडलेलं असतं. मग धारदार सुरीने कुजलेला भाग पांढरा, घट्ट, निरोगी गर लागेपर्यंत कापून काढायचा आणि खाली आणून जाळायचा. आतला कोबीसारखा गाभाच पातळ झाला असेल, तर माड वाचत नाही. तो तोडून शेंडा जाळणं हेच शेजारच्या माडांच्या भल्याचं. गाभा शाबूत असेल, तर जखमेवर दहा टक्क्यांची बोर्डो पेस्ट लावायची.

त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतत ढवळायचं. मग घासून चकचकीत केलेली लोखंडी सुरी मिनिटभर त्यात बुडवायची. पात्यावर तांबूस लेप आला तर तांबं मोकळं आहे आणि ते कोवळा गर जाळेल. लेप येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत राहायचं. पेस्ट त्याच दिवशी वापरायची. लावल्यावर पाणी आत जाणार नाही असं प्लॅस्टिक किंवा मडकं वर बांधायचं आणि नवा कोंब दिसेपर्यंत ते तिथेच ठेवायचं. आजूबाजूच्या माडांच्या शेंड्यांत पावसाची उघडीप बघून एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं, म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना.

पिवळ्या झावळ्यांचं नंतर. मोठ्या माडाला वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरतं. पाऊस ओसरल्यावर, बुंध्यापासून १.८ मीटरच्या आळ्यात, जमीन ओली असताना, पोटॅश दोन हप्त्यांत. पिवळ्या झालेल्या झावळ्या पुन्हा हिरव्या व्हायची वाट बघू नका. नव्या येतील त्या हिरव्या आल्या म्हणजे झालं.

उपायानंतरचा फोटोही नीट वाचावा लागतो. वाचलेल्या माडाची पहिली एक-दोन पानं आखूड, टोक कापल्यासारखी, पात्या चिकटलेल्या अशी बाहेर येतात, कारण ती कोंबात असतानाच सुरीखाली आलेली असतात. बोरॉनच्या टंचाईतही झावळी अशीच आखडलेली दिसते, आणि घाबरून लोक बोरॅक्स ओततात. तिसरी झावळी येईपर्यंत थांबा. ती सरळ आली तर बोरॉनचा काही संबंध नव्हता.