एसीचं वाय-फाय मोबाइल अ‍ॅपला जोडताना

एसी अ‍ॅपला जोडला जात नाही, अशी तक्रार आली की आम्ही आधी राउटर बघतो. बहुतेक वेळा एसीत काही बिघडलेलं नसतं. स्प्लिट एसीचं वाय-फाय मॉड्यूल सहसा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. फायबर कनेक्शनसोबत मिळणारा राउटर मात्र २.४ आणि ५ असे दोन बँड देतो, आणि बऱ्याचदा दोन्हींचं नाव एकच असतं. मोबाइल आपोआप ५ वर जातो, मॉड्यूलला तो बँड दिसतच नाही. अ‍ॅपमधलं चक्र फिरत राहतं आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो.

समजा, त्रिमूर्तीनगरातलं दुमजली घर आहे. राउटर खाली हॉलमध्ये, एसी वरच्या बेडरूममध्ये. मोबाइल राउटरला जोडून ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडा (पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो). वायरलेस सेटिंगमध्ये Band Steering किंवा Smart Connect बंद करा आणि २.४ ला वेगळं नाव द्या, उदाहरणार्थ Ghar_24. सुरक्षा WPA2-PSK ठेवा. नुसतं WPA3 असेल तर जुनी मॉड्यूल्स पासवर्ड बरोबर असूनही जोडली जात नाहीत.

आता मोबाइल Ghar_24 ला जोडा, लोकेशन चालू ठेवा आणि अ‍ॅपला त्याची परवानगी द्या. ती नसेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर अ‍ॅपला जवळची नेटवर्कं शोधता येत नाहीत. मॉड्यूल जोडणीच्या अवस्थेत न्यायची बटणं मॉडेलप्रमाणे बदलतात, ती मॅन्युअलमध्ये बघा. त्यानंतर एसी स्वतःचं छोटं नेटवर्क सुरू करतो आणि अ‍ॅप मोबाइलला त्यावर नेतं. इथेच गंमत होते. ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही’ असं दिसलं की फोन मोबाइल डेटावर उडी मारतो आणि जोडणी अर्धवट तुटते. म्हणून तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा, आणि फोनने विचारलं तर ‘जोडलेलं राहू दे’ निवडा. अ‍ॅप पासवर्ड मागेल तेव्हा Ghar_24 चाच द्या. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत.

जोडणी होते पण वारंवार तुटते, असं असेल तर एसीखाली उभं राहून मोबाइलवर Ghar_24 च्या रेघा बघा. एकच रेघ असेल तर स्लॅब आड येतोय. राउटर जिन्याजवळ सरकवा किंवा वर रिपीटर लावा.

मे महिन्यात लाइट जाऊन आली की अ‍ॅपमध्ये एसी ‘ऑफलाइन’ दिसेल. घाईघाईने पुन्हा जोडायला घेऊ नका. राउटर सुरू होऊन इंटरनेट यायला दोन-चार मिनिटं लागतात, मग मॉड्यूल आपणच परततं. तोवर रिमोट नेहमीसारखा चालतो. पुढे राउटर बदललात तर त्याच्या २.४ बँडला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि तीच सुरक्षा ठेवा, म्हणजे एसी सहसा पुन्हा जोडावा लागत नाही.